टीबीच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले तर? औषध कधी थांबतं आणि पुन्हा कसं सुरू होतं?

टीबीचं औषध मध्येच सोडायचं नाही, हे आशाताईपासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येक जण सांगतो. सल्ला बरोबरच आहे. पण काही रुग्णांच्या बाबतीत असा दिवस येतो, की डॉक्टर स्वतःच सांगतात, "आजपासून गोळ्या बंद." कारण असतं यकृताला आलेली सूज.

अशा वेळी घरचे गोंधळतात. काल एकही डोस चुकवू नका म्हणणारे आज बंद करा कसं म्हणतात? मग काही जण गोळ्या तशाच घेत राहतात आणि यकृत आणखी बिघडतं. काही जण गोळ्या सोडतात, कावीळ उतरली की बरं वाटतं आणि ते दवाखान्यात परत जातच नाहीत. तिकडे टीबीचे जंतू पुन्हा वाढू लागतात.

या दोन टोकांच्या मधला रस्ता ठरलेला आहे. औषध कोणत्या आकड्यावर थांबवायचं, कोणत्या आकड्यावर सुरू करायचं आणि कोणती गोळी आधी द्यायची, याचे नियम आहेत. भंडारा जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊन ते समजून घेऊ. उदाहरणातली बाई आणि तिच्या रिपोर्टमधले आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. उपचाराच्या पायऱ्या मात्र प्रत्यक्षात वापरल्या जातात त्याच आहेत.

उदाहरण: रोवणीच्या दिवसांतला थकवा

समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात 42 वर्षांची एक बाई आहे. वजन 38 किलो. दीड महिना खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटलेलं. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी निघाला. जून महिन्याच्या मध्याला सरकारी दवाखान्यातून मोफत गोळ्या सुरू झाल्या.

सध्या देशभर टीबीच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत मिळतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. 35 ते 49 किलो वजनाच्या माणसाला रोज तीन गोळ्या, 50 ते 64 किलोला चार. त्यानंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधं चालतात.

आपल्या उदाहरणातल्या बाईला रोज तीन गोळ्या होत्या. दोन आठवड्यांत ताप गेला, खोकला कमी झाला. जुलैमध्ये धानाची रोवणी सुरू झाली आणि ती बांधीत उतरली. उपचाराच्या 24 व्या दिवसापासून जेवण नकोसं झालं, मळमळू लागलं. घरच्यांना वाटलं, गोळ्या उष्ण पडल्या असतील आणि त्यात दिवसभर चिखलात वाकून काम. 27 व्या दिवशी दोनदा उलटी झाली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं आणि लघवी काळपट पिवळी झाली.

तिथून पुढे काय झालं ते पाहण्याआधी, यकृतात काय घडत होतं ते बघू.

गोळ्यांमुळे यकृत का सुजतं?

आपण घेतलेल्या बहुतेक औषधांची विल्हेवाट यकृत लावतं. औषध तोडून ते शरीराबाहेर टाकता येईल अशा रूपात आणलं जातं. टीबीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिघांचा भार यकृतावर पडतो. इथॅम्ब्युटॉल बरंचसं लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे ते यकृताला जवळपास त्रास देत नाही. पुढे औषध थांबवताना आणि सुरू करताना हा फरक कामाला येतो.

आयसोनियाझिड तुटताना काही विषारी पदार्थ तयार होतात. ते निकामी करण्याचं काम यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम करतं. हे विकर काहींमध्ये जलद चालतं, काहींमध्ये संथ. कोणाचं कसं चालणार हे जन्मापासूनच ठरलेलं असतं. ज्यांचं संथ चालतं त्यांच्यात विषारी पदार्थ जास्त वेळ साठून राहतात आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. भारतात अशा संथ गटातल्या लोकांचं प्रमाण मोठं आहे. म्हणूनच एकाच घरात दोघांना टीबी होतो, दोघं त्याच गोळ्या घेतात, पण त्रास एकालाच होतो.

रिफाम्पिसिन स्वतः तुलनेने कमी त्रास देतं. मात्र ते यकृताचं औषध तोडण्याचं काम वाढवतं, त्यामुळे आयसोनियाझिडसोबत असताना धोका थोडा चढतो. पायराझिनामाइडचा त्रास मात्रेशी जोडलेला आहे, आणि त्याच्यामुळे झालेली सूज कधीकधी जास्त तीव्र असते.

हा त्रास बहुतेकदा उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. कुपोषण, रोजची दारू, आधीपासून असलेली बी किंवा सी प्रकारची कावीळ, एचआयव्ही, वाढलेलं वय आणि बाळंतपणाच्या आसपासचा काळ यांत धोका वाढतो. आपल्या उदाहरणातल्या बाईचं 38 किलो वजन हाच तिचा मोठा धोका होता. कुपोषित माणसाच्या यकृतात विषारी पदार्थ निकामी करण्यासाठी लागणारा साठाच कमी असतो.

सगळ्यांची रक्त तपासणी दर आठवड्याला का होत नाही?

हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. उत्तर असं, की टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर अनेकांच्या यकृताचे आकडे थोडे वाढतात आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप खाली येतात. यकृत नव्या औषधाला सरावतं. प्रत्येकाची वारंवार तपासणी केली आणि थोड्याशा वाढीला घाबरून औषध थांबवलं, तर शेकडो लोकांचा उपचार विनाकारण तुटेल.

म्हणून पद्धत अशी आहे. उपचार सुरू करताना यकृताची एक तपासणी करून ठेवायची. पुढच्या आकड्यांची तुलना त्याच्याशी होते. ज्यांना धोका जास्त आहे, म्हणजे रोज दारू घेणारे, यकृताचा जुना आजार असलेले, एचआयव्ही असलेले, त्यांची पहिले दोन महिने साधारण दर दोन आठवड्यांनी तपासणी करायची. यकृताचा आजार माहीत असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला. बाकीच्यांमध्ये लक्षण दिसलं की त्याच दिवशी.

याचा अर्थ, बहुतेक रुग्णांच्या बाबतीत धोक्याची पहिली सूचना रक्ताच्या रिपोर्टमधून येत नाही. ती रुग्णाकडूनच येते. 1970 साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिलवर टीबीचा फैलाव झाल्यावर 2,321 कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी एकटं आयसोनियाझिड दिलं गेलं. त्यातल्या 19 जणांना यकृताची सूज आली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्रास सुरू झाल्यावरही गोळ्या घेत राहणं किती महागात पडू शकतं, हे तेव्हापासून डॉक्टरांना पक्कं ठाऊक आहे.

कोणतं लक्षण साधं, कोणतं धोक्याचं?

सगळ्यात मोठा गोंधळ लघवीच्या रंगावरून होतो. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी-लालसर होते. घाम आणि अश्रूसुद्धा रंगतात. हे पहिल्या दिवसापासून दिसतं, गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत रंग गडद असतो आणि पुढे फिका होतो. हे औषधाचं रंगद्रव्य आहे, त्याने काही बिघडत नाही.

काविळीची लघवी वेगळी असते. ती काळ्या चहासारखी किंवा मोहरीच्या तेलासारखी गडद दिसते आणि दिवसभर तशीच राहते. सोबत भूक मरते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. नेमका फरक डोळ्यांत कळतो. रिफाम्पिसिनच्या नेहमीच्या मात्रेने डोळे पिवळे होत नाहीत. डोळे बघायचे ते दिवसाच्या उजेडात, खालची पापणी ओढून. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात सगळ्यांचेच डोळे पिवळट दिसतात.

दुसरा गोंधळ मळमळीचा. पहिल्या काही दिवसांत गोळ्यांनंतर तास-दोन तास मळमळणं सामान्य आहे आणि त्यासाठी कुणी गोळ्या सोडायच्या नसतात. पण सुरुवातीला नीट चाललेल्या गोळ्यांनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नव्याने मळमळ सुरू झाली, जेवणाचा वासही नको वाटू लागला, विनाकारण गळून गेल्यासारखं झालं, तर ते यकृताचं बोलणं असू शकतं. डोळे पिवळे होण्याच्या आधी बहुतेकदा हेच दिवस असतात.

उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, गडद लघवी किंवा पिवळे डोळे यांपैकी काही दिसलं, तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दवाखाना दूर असेल तर आशाताईंना किंवा टीबीच्या पर्यवेक्षकांना फोन करायचा. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा 1800-11-6666 हा मोफत क्रमांकही आहे. गुंगी येणं, बरळणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं ही लक्षणं असतील तर थेट मोठं रुग्णालय.

आपल्या उदाहरणातली बाई 27 व्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात पोहोचली. रक्ताचा नमुना गेला आणि रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या.

रिपोर्ट कसा वाचायचा?

यकृताच्या रिपोर्टमध्ये बऱ्याच ओळी असतात. टीबीच्या रुग्णासाठी त्यातल्या तीन महत्त्वाच्या.

पहिली एसजीपीटी. काही लॅब हिलाच एएलटी लिहितात. हा पदार्थ यकृताच्या पेशींच्या आत असतो. पेशी फुटल्या की तो रक्तात येतो. म्हणजे हा आकडा पेशी किती मरत आहेत ते सांगतो. बऱ्याच लॅबमध्ये त्याची वरची मर्यादा 40 च्या आसपास असते.

दुसरी बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग. साधारण 1 पर्यंत ठीक मानतात. तो 2 ते 3 च्या पुढे गेला की डोळे पिवळे दिसू लागतात.

तिसरी पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारे घटक यकृतात बनतात. यकृत काम सोडू लागलं की हा आकडा 1 वरून वर चढतो. 1.5 च्या पुढे गेला तर रुग्णाला भरती करण्याचा विचार होतो. ही तपासणी बऱ्याचदा वेगळी सांगावी लागते.

आता औषध थांबवण्याचा नियम. लक्षणं असतील आणि एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर यकृताला त्रास देणारी औषधं थांबवतात. लक्षणं काहीच नसतील तर पाचपटीपर्यंत थांबता येतं, त्यापुढे गेलं की बंद. आणि कावीळ झाली असेल, तर एसजीपीटी किती आहे याची वाट न बघता बंद.

मर्यादा 40 असेल तर तिप्पट म्हणजे 120 आणि पाचपट म्हणजे 200. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून गुणाकार आपल्या रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेचाच करायचा. लक्षणं नसताना एसजीपीटी 90 आला, तर बहुतेकदा गोळ्या चालू ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते.

त्या बाईचा उपचाराआधीचा एसजीपीटी 28 होता. आता आला 412, म्हणजे मर्यादेच्या दहापट. बिलिरुबिन 2.8. आयएनआर 1.2. यकृत चांगलंच सुजलं होतं, पण आपलं काम अजून करत होतं. तिला जिल्हा रुग्णालयात पाठवलं गेलं.

कावीळ गोळ्यांचीच आहे, हे कसं ठरवतात?

औषधाने झालेली सूज दाखवणारी वेगळी अशी रक्त तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढावी लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये दूषित पाण्यातून ए आणि ई प्रकारची कावीळ पसरते, तिची तपासणी होते. बी आणि सीची होते. दारू, तापाच्या गोळ्या, झाडपाल्याचं औषध यांची चौकशी होते.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. भंडारा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने बिलिरुबिन टीबी नसतानाही वाढलेलं आणि डोळे पिवळट असू शकतात. मात्र ते बिलिरुबिन मुख्यतः 'इनडायरेक्ट' प्रकारचं असतं आणि एसजीपीटी फारसा वाढलेला नसतो. अशा रुग्णात नुसते पिवळे डोळे बघून टीबीच्या गोळ्या थांबवल्या, तर उपचार विनाकारण तुटतो. उलट, "याचे डोळे नेहमीच पिवळे असतात" म्हणून दुर्लक्ष केलं, तर खरी सूज निसटते. म्हणून घरात सिकलसेल असेल, तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं आणि उपचाराआधीचं बिलिरुबिन नोंदवून ठेवायचं.

आपल्या उदाहरणात विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. चौकशीत कळलं, की अंगदुखीसाठी ती मेडिकलमधून आणलेली पॅरासिटामॉल दिवसातून तीन-चारदा घेत होती. कुपोषित शरीरात, टीबीच्या औषधांच्या जोडीला, हीसुद्धा यकृतावर भर होती. तीही बंद झाली.

गोळ्या बंद असताना टीबीचं काय?

इथे चारही औषधं एका गोळीत असण्याची अडचण समोर येते. त्यातलं फक्त त्रासाचं औषध काढून बाकीची घ्यायची सोय नाही. म्हणून सगळी गोळीच थांबते.

टीबीचा आजार सौम्य असेल आणि रुग्ण बरा असेल, तर यकृत सावरेपर्यंत काही दिवस टीबीचं औषध न देता थांबणं चालतं. टीबीचे जंतू हळू वाढतात. थोड्या दिवसांच्या खंडाने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान सुजलेल्या यकृतावर औषध मारत राहिल्याने होतं.

पण आजार पसरलेला असेल, मेंदूचा टीबी असेल किंवा थुंकीत अजून जंतू दिसत असतील, तर मधल्या काळासाठी यकृताला न दुखवणारी औषधं देतात. सुट्या स्वरूपात इथॅम्ब्युटॉल, त्यासोबत लिव्होफ्लॉक्सॅसिन, आणि गरज पडली तर एखादं इंजेक्शन. यात एक पथ्य असतं, फक्त एकच औषध कधी द्यायचं नाही. एकट्या औषधाशी लढताना जंतूंना त्याला न जुमानणं शिकायची संधी मिळते आणि साधा टीबी औषधांना दाद न देणारा होतो.

बाईच्या थुंकीत जंतू अजून दिसत होते. म्हणून तिला इथॅम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन ही दोन औषधं दिली. दर आठवड्याला रक्त तपासलं. पहिल्या आठवड्यानंतर एसजीपीटी 210, दुसऱ्यानंतर 96. औषध थांबवल्यावर आकडा असा उतरत जाणं, हाच कारण गोळ्यांचं होतं याचा भक्कम पुरावा.

काविळीचं झाडपाल्याचं औषध चालतं का?

या दोन-तीन आठवड्यांतच घरात सल्ले येऊ लागतात. कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतं, कुणी पाल्याचा रस पाजतं, कुणी यकृताचं सिरप आणतं. गोळ्या थांबल्यामुळे कावीळ आपसूक उतरतच असते. श्रेय मात्र त्या रसाला किंवा माळेला जातं, आणि घरच्यांची खात्री पटते की दवाखान्यात परत जायची गरज नाही.

त्यातला खरा धोका दुहेरी आहे. काही झाडपाला स्वतःच यकृताला त्रास देतो. मग आकडे उतरत नाहीत तेव्हा दोष कुणाचा, हे डॉक्टरांना कळेनासं होतं. कुणी काही घेतलंच असेल तर ते न लाजता सांगावं. मोहाच्या दारूचंही तसंच. किती घेतो हे लपवलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. सिरप पिऊन गोळ्या चालू ठेवणं हाही उपाय नाही. सुजलेल्या यकृताला औषध थांबवण्याइतकी मदत कोणतंच टॉनिक करत नाही.

पुन्हा सुरुवात: एकेक औषध

एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीखाली आला, म्हणजे साधारण 80 च्या खाली, बिलिरुबिन उतरलं आणि मळमळ थांबली, की औषधं परत सुरू करतात. उदाहरणातल्या बाईचा 18 व्या दिवशी एसजीपीटी 62 आणि बिलिरुबिन 0.9 होतं.

पहिल्यांदा रिफाम्पिसिन. एक तर तिघांत त्याच्यामुळे सूज येण्याची शक्यता सगळ्यात कमी, आणि दुसरं म्हणजे सहा महिन्यांत टीबी बरा होतो तो मुख्यतः त्याच्या जोरावर. ते परत मिळालं, तर उपचाराचा कणा परत मिळाला. तिला रोज 450 मिलिग्रॅम सुरू केलं. इथॅम्ब्युटॉल सोबत होतंच. सात दिवसांनी एसजीपीटी 48. यकृताने ते स्वीकारलं.

आठव्या दिवशी आयसोनियाझिड जोडलं, वजनाप्रमाणे 200 मिलिग्रॅम. पुन्हा सात दिवस, पुन्हा तपासणी. एसजीपीटी 44. लिव्होफ्लॉक्सॅसिनचं काम संपलं, ते बंद झालं.

दोन औषधांमध्ये आठवडाभर थांबण्याचं कारण साधं आहे. एक औषध दिलं आणि आकडा चढला, तर दोषी कोण ते लगेच कळतं. तेवढं एक काढून बाकीची वाचवता येतात. काही डॉक्टर आणखी सावधपणे जातात. प्रत्येक औषध अगदी थोड्या मात्रेने सुरू करून दोन-तीन दिवसांनी वाढवत नेतात.

या पद्धतींची तुलना भारतातच झाली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये अशा 175 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला तिन्ही औषधं पूर्ण मात्रेत एकदम, दुसऱ्याला एकेक करून पूर्ण मात्रेत, तिसऱ्याला एकेक करून वाढत्या मात्रेत. 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 175 पैकी 19 जणांना पुन्हा सूज आली, म्हणजे साधारण नऊमागे एकाला, आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होतं, त्यांच्यात सूज परतण्याची शक्यता मात्र जास्त दिसली. अल्ब्युमिन कमी असण्यामागे अनेकदा कुपोषण असतं. निक्षय पोषण योजनेतून उपचारादरम्यान मिळणारे पैसे, जे नोव्हेंबर 2024 पासून महिना 500 वरून 1,000 रुपये झाले, अंडी, डाळ, दूध यांवर खर्च होणं म्हणून महत्त्वाचं आहे.

म्हणजे दहातल्या जवळपास नऊ जणांना तीच औषधं पुन्हा सोसतात. "एकदा कावीळ झाली, आता मला टीबीचं औषध चालणारच नाही," हा समज चुकीचा आहे.

तिसऱ्या औषधाचा निर्णय

उरलं पायराझिनामाइड. इथे डॉक्टरांना खरा विचार करावा लागतो. ते परत सोसलं, तर उपचार सहा महिन्यांचाच राहतो. पण पहिल्या वेळी कावीळ झाली असेल आणि रिफाम्पिसिन-आयसोनियाझिड नीट परत सुरू झाली असतील, तर पायराझिनामाइडनेच ती सूज आली असण्याची शक्यता वाढते, आणि ते पुन्हा देणं जोखमीचं ठरू शकतं. बरेच डॉक्टर अशा वेळी ते वगळतात. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. उपचार सहाऐवजी साधारण नऊ महिने चालतो.

तिच्या बाबतीत तेच ठरलं. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि इथॅम्ब्युटॉल, नऊ महिने. दोन्ही मुख्य औषधं पुन्हा बसली त्या ऑगस्टमधल्या दिवसापासून डॉक्टरांनी मोजणी धरली. तिच्यासाठी ही बातमी सोपी नव्हती. डिसेंबरमध्ये संपणारा उपचार आता मे महिन्यात संपणार होता. पण नऊ महिन्यांच्या उपचारानेही टीबी पूर्ण बरा होतो.

रिफाम्पिसिन किंवा आयसोनियाझिडच सोसलं नाही, तर आखणी पूर्ण बदलते आणि उपचार आणखी लांबतो. तो निर्णय जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवरचे तज्ज्ञ घेतात.

घरी उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

या सगळ्यात वारंवार घडणारी चूक अगदी साधी आहे. उपचार थांबला तेव्हा घरात चार औषधांच्या एकत्र गोळ्यांची पाकिटं उरलेली असतात. डॉक्टर म्हणतात, "औषध पुन्हा सुरू करू." घरी कुणीतरी जुनं पाकीट काढतं आणि रुग्ण त्याच तीन गोळ्या घेऊ लागतो. म्हणजे सुटी औषधं एकेक करून चालू असताना वरून चारही एकदम, आणि रिफाम्पिसिनचा डोस दुप्पट. सूज परत येते आणि कुणाला कारण कळत नाही.

म्हणून औषध थांबलं त्या दिवशीच उरलेली पाकिटं दवाखान्यात जमा करावीत. पुन्हा सुरुवात होताना प्रत्येक सुट्या गोळीचं नाव आणि सुरू केल्याची तारीख उपचार कार्डावर लिहून घ्यावी. सरकारी दवाखान्यातून खासगी डॉक्टरकडे किंवा उलट जाताना ते कार्ड आणि सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने सोबत असावेत. "मला गोळ्यांनी कावीळ झाली होती," एवढंच सांगून नव्या डॉक्टरला पुढचं औषध ठरवता येत नाही. कोणत्या औषधाने, कितव्या दिवशी, आकडा कितीवर गेला हे त्याला लागतं.

औषधं परत बसल्यावरही तपासणी थांबत नाही. पहिले काही आठवडे जवळजवळ, मग महिन्याला एकदा, आणि लक्षण दिसलं तर कधीही. त्या बाईच्या कार्डावर आता लाल शाईत एक ओळ आहे: पायराझिनामाइड देऊ नये. पुढे आयुष्यात कधी पुन्हा टीबीचं औषध घ्यायची वेळ आली, तर त्या दिवशीच्या डॉक्टरसाठी सगळ्यात कामाची ओळ तीच असेल.

*हा लेख माहितीसाठी आहे. औषध थांबवण्याचा, बदलण्याचा किंवा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.*